अनुभव धागा: वरच्या मजल्यावर पाणी नाही, पंप सारखा बंद, मालकाला पत्र लिहिलंय का कधी?

मृण्मयी_नाशिक
आज आमच्या सोसायटीचा पंप बंद पडला आणि मला जुन्या भाड्याच्या घराची आठवण आली. तळमजला आणि वर दोन मजले, आम्ही सगळ्यात वर, गच्चीवरची टाकी थेट स्लॅबवर ठेवलेली. मालक खाली राहायचे, त्यांना पाणी भरपूर, त्यामुळे तोंडी सांगितलं की एकच उत्तर, "महापालिकेचंच पाणी कमी येतंय." शेवटी बाबांनी पत्र लिहिलं, त्याची प्रत अजून फाइलमध्ये आहे. मधला भाग देते:

"आदरणीय काका, सा. न. वि. वि. गच्चीवरची टाकी भरलेली असताना आमच्या बाथरूमची पंधरा लिटरची बादली भरायला सहा मिनिटं लागतात, त्याच वेळी तळमजल्यावर दीड मिनिट. म्हणजे टाकीत पाणी आहे, आमच्यापर्यंत येत नाही. दुसरी तक्रार पंपाची आहे आणि ती वेगळी आहे. पंप चालू होतो, आवाज करतो, पण गच्चीवर पाणी चढत नाही. दर वेळी वरून तांब्याने पाणी ओतून भरावा लागतो. मोटर रिवाइंड करून झाली तरी तेच. कृपया पंपाआधी खालच्या टाकीतला फूट व्हॉल्व्ह तपासून घ्यावा."

काकांनी पत्र वाचून दुसऱ्या दिवशी प्लंबर बोलावला हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमचे अनुभव लिहा ना.

शेखर७१
आमच्याकडे गिझरचं गरम पाणीच बारीक येतं, थंड मस्त येतं. काय करावं?

पंपवाला_दादा
@शेखर७१ तुमचं वेगळं आहे, गिझरच्या इनलेटला क्षार बसले असतील, तो भाग खोलून बघा.

मृण्मयीताई, बाबांनी दोन तक्रारी वेगळ्या लिहिल्या हे फार बरोबर केलं. पंपाचं तर शंभर टक्के फूट व्हॉल्व्हच. तो गळका असला की पंप बंद झाल्यावर पाइपातलं पाणी परत खाली जातं, सकाळी पंप हवाच ओढतो, कोरडा फिरतो, आधी सील जातं मग वाइंडिंग. लोक मोटर रिवाइंड करत बसतात आणि स्वस्तातला व्हॉल्व्ह तसाच राहतो, मग महिन्या-दोन महिन्यांत परत जळते. पंप बंद करून थोड्या वेळाने भरायचं झाकण उघडून बघायचं, पाणी खाली गेलं असेल तर समजायचं.

गौरी_ठाणे
अय्या बाबांनी घड्याळ लावून बादली मोजली 😄 माझे सासरे असेच, दूध पण मापून घेतात

अभिजित_क
वरच्या मजल्याला प्रेशर कमीच असणार हो, टाकी डोक्यावरच आहे ना. सरळ नळाच्या लाइनवर बूस्टर पंप लावायचा, विषय संपला.

पंपवाला_दादा
बूस्टर टाकीच्या आउटलेटला लावतात दादा. महापालिकेच्या लाइनला मोटर लावली तर जप्त होईल. बाकी तुमचं अर्धं बरोबर आहे. वरच्या नळावर पाण्याची उंची साधारण तीन मीटर, तळमजल्याला नऊ. पण उंची तिप्पट झाली तर धार तिप्पट होत नाही, पावणेदोनपटच होते. म्हणजे खाली दीड मिनिट तर वर अडीच-पावणेतीन मिनिटं लागायला हवी होती. सहा लागत होती म्हणजे वरच्या लाइनमध्ये काहीतरी अडकलेलं होतं, कॉक अर्धा बंद किंवा जुना जीआय पाइप गंजून आतून बुजलेला. टाकी उंच करून तो भाग सुटणार नाही.

मृण्मयी_नाशिक
दादा पाइप जीआयचाच होता! काकांनी फूट व्हॉल्व्ह बदलला, पंप सुधारला, पण लाइन काही बदलली नाही, खर्च मोठा म्हणाले. शेवटपर्यंत सकाळी बादल्या लावूनच आंघोळी.

विनायक_वकील_नाही
भाड्यातून कापायचे सरळ, कायदाच आहे तसा.

स्मिता.जोशी
सरळ नाही कापता येत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४. आधी किमान १५ दिवसांची लेखी नोटीस, तरी मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने करून घ्यायची, आणि वर्षाला कापायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नको. म्हणूनच पत्रावर तारीख आणि पोच हवी. आता बहुतेक जण ११ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहतात, त्यांना हे लागू होतं का यावर वाद आहे, करारात दुरुस्ती कुणाची ते आधी वाचा.

विनायक_वकील_नाही
ओके ताई, पोचेचं लक्षात ठेवतो. आमचे मालक व्हॉट्सॲपला नुसता अंगठा पाठवतात, ती पोच धरायची का?

गौरी_ठाणे
अंगठ्याचा स्क्रीनशॉट तरी ठेवा. बाय द वे नाशिकला कुठे राहायचात, माझं माहेर पंचवटी

शेखर७१
गिझर खोलला, पांढरा चुरा निघाला वाटीभर. पण आता इनलेटच्या जोडातून गळतंय, टेप किती वेढे गुंडाळायची?