मदत हवी आहे: ठोकळा आधी उलटेल की घसरेल?

नमस्कार. बडोद्यात अकरावीच्या मुलांना शिकवताना पुढील उदाहरण घेतले. २० किलोचा एकजिनसी ठोकळा, पायाची रुंदी ४० सेंमी, उंची १०० सेंमी, स्थितिक घर्षणांक ०.४.

जमिनीपासून ८० सेंमी उंचीवर आडवे बल लावल्यास पुढच्या कडेभोवती आघूर्ण घेऊन उलटण्यासाठी किमान F = mgb/2h = ४९ न्यूटन मिळते, तर घसरण्यासाठी μmg = ७८.४ न्यूटन लागते; म्हणून तो आधी उलटतो. सीमा h = b/2μ, म्हणजे ५० सेंमी, हे मुलांना पटले.

शंका पुढची आहे: ४५ सेंमीवर ढकलल्यास ठोकळा आधी घसरतो आणि गतिक घर्षण ०.३ होते. त्यानंतर बल कितीही वाढवले, तरी तो पुढे उलटणार नाही ना? ठोकळ्याला त्वरण असल्याने आघूर्णे वस्तुमानकेंद्राभोवतीच घ्यावीत, असे मला वाटते. कृपया जाणकारांनी मांडणी तपासावी.