सोन्याचे अंदाज आणि वहिनींचे पाच तोळे (सोसायटी ग्रुप, विश्रामबाग, सांगली)

शिंदे वहिनी: माने काका, तुमचं घराणं गलाईतलं, सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारं, म्हणून विचारते. डिसेंबरात श्रुतीचं लग्न आहे आणि पाच तोळे घ्यायचेत. एका बातमीत वर्षअखेर सोनं खूप चढणार म्हणतात, दुसरीत पडणार. दोन्हीकडे मोठ्या बँकांची नावं आहेत. खरं कुणाचं धरू?

सूरज: वहिनी, सगळ्यांची सरासरी काढा.

माने काका: सूरज, सरासरी नको. आधी ते आकडे एकाच गोष्टीचे आहेत का ते बघावं लागतं. सविस्तर लिहितो.

आमचं विट्याचं घर. वडिलांचं गलाईचं दुकान कोईमतूरला होतं. वहीत भाव लिहिला की शेजारी तारीख आणि वेळ लिहायचेच. सकाळचा भाव संध्याकाळी चालत नसे, त्यामुळे वेळ नसलेल्या आकड्याला ते भाव मानतच नसत. अंदाजालाही हेच लागू आहे.

2025 चंच बघा. जानेवारीत गोल्डमन सॅक्सचा वर्षअखेरचा अंदाज औंसाला 2,910 डॉलर होता. फेब्रुवारीत तो 3,100 झाला, मार्चमध्ये 3,300, एप्रिलमध्ये 3,700. बँक एक, वर्ष एक आणि चार महिन्यांत चार आकडे. भाव चढत गेला तसा अंदाजही मागून सरकत गेला. मग जूनमध्ये सिटी बँकेने सांगितलं की वर्षअखेरीला किंवा 2026 च्या सुरुवातीला सोनं 3,000 च्या खाली जाईल. तेव्हा बाजारात भाव 3,400 च्या आसपास होता. प्रत्यक्षात वर्ष संपलं ते 4,300 च्या वर.

कुलकर्णी काकू: एवढी शिकलेली माणसं आणि एवढा फरक?

माने काका: काकू, त्यांचं गणित चुकत नाही. गिऱ्हाईक कोण, यावर त्यांचा मतभेद आहे. गोल्डमनच्या हिशेबात मुख्य गिऱ्हाईक देशोदेशींच्या मध्यवर्ती बँका. 2022 मध्ये रशियाची परदेशातली गंगाजळी गोठवली, तेव्हापासून त्यांची खरेदी वाढली. 2022, 2023, 2024 या तिन्ही वर्षांत हजार टनांच्या वर सोनं त्यांनी घेतलं. हे गिऱ्हाईक भाव चढला म्हणून सहसा मागे फिरत नाही. सिटीने पाहिला तो गुंतवणूकदार. तो भीतीपोटी घेतो, आणि जगाचा व्यापार सावरला की विकायला काढतो. म्हणून अंदाज वाचताना आकडा नंतर वाचा. 'अमुक झालं तर' हे वाक्य कुठे आहे ते आधी शोधा. बातमीत बहुतेक वेळा तेच गाळलेलं असतं.

सूरज: काका, लंडनच्या संस्थेचा सर्व्हे असतो ना? त्यात बरेच विश्लेषक असतात.

माने काका: असतो, आणि खरी गल्लत तिथेच होते. लंडन बुलियन मार्केट असोसिएशन विश्लेषकांना *वर्षभराच्या सरासरी* भावाबद्दल विचारते. 2025 साठी त्यांच्या उत्तरांची सरासरी साधारण 2,737 डॉलर आली होती. प्रत्यक्ष वर्षाची सरासरी 3,430 च्या आसपास निघाली, म्हणजे ते सगळे मिळूनही जवळजवळ सातशे डॉलरने कमी पडले.

आता समजा, एकाने ही सरासरी अगदी बरोबर 3,430 सांगितली असती आणि दुसऱ्याने वर्षअखेरचा 4,300 बरोबर सांगितला असता. दोघेही खरे, पण बातमीत 'तज्ज्ञांमध्ये नऊशे डॉलरचा फरक' असंच छापून आलं असतं! सूरज, म्हणून म्हटलं सरासरी काढू नको.

शिंदे वहिनी: मला डॉलरचं कळत नाही काका, मला तोळ्याचा भाव कळतो.

माने काका: बरोबर विचारलंत. ते अंदाज डॉलरचे आहेत, तुम्ही पैसे रुपयांत मोजणार. औंस म्हणजे 31.1 ग्रॅम. सोनं 4,000 डॉलर धरलं तर दहा ग्रॅमला सुमारे 1,286 डॉलर होतात. म्हणजे सोनं जागचं न हलता डॉलर एक रुपयाने महागला, तरी तोळ्यामागे जवळजवळ 1,300 रुपये वाढतात, वर आयात शुल्क आणि जीएसटी वेगळा. 2025 मध्ये डॉलर साडेपंच्याऐंशीवरून जवळपास नव्वदला गेला. परदेशी बँकेचा अंदाज तंतोतंत खरा ठरला तरी सराफ कट्ट्यावरचा भाव तुम्हाला त्यातून मिळत नाही.

कुलकर्णी काकू: मग हिने करावं काय?

माने काका: वहिनींना सोनं विकायचं नाही, लेकीच्या अंगावर घालायचंय, आणि तारीख ठरलेली आहे. भाव पडेल म्हणून थांबल्या आणि चढला, तर नोव्हेंबरात एकदम पाच तोळ्यांचे पैसे उभे करावे लागतील. तो धोका मला मोठा वाटतो. मी तुमच्या जागी असतो तर दर दीड महिन्याला एक तोळा चोख सोन्याचं वेढणं घेतलं असतं आणि शेवटी दागिना घडवला असता. मोडीत घट किती धरणार आणि घडणावळ किती, हे मात्र आजच लिहून घ्या. आणि त्या दोन बातम्या इथे टाका, कुठल्या तारखेच्या आहेत आणि सरासरी म्हणतात की वर्षअखेर, ते बघून सांगतो.

शिंदे वहिनी: टाकते. पहिलीवर तारीख चार महिन्यांपूर्वीची दिसतेय काका.

माने काका: मग त्या दिवशी भाव काय होता ते आधी बघू. संध्याकाळी वही घेऊन वर या.