१० लिटर दुधाच्या तांदळाच्या खिरीचं प्रमाण – मदत हवी आहे

८० जणांसाठी तांदळाची खीर करायची आहे. माणशी १२५ मिली धरून १० लिटर म्हशीचं दूध घेणार आहे. खवा किंवा मिल्कमेड घालायचं नाही. खीर कोमटच वाढायची आहे, पण गॅसवरून उतरवल्यावर वाढेपर्यंत दोन तास तरी जातील. माझी खरी अडचण हीच आहे.

घरी १ लिटरला ७५ ग्रॅम तांदूळ (अर्धा तास भिजवून, हाताने चुरडून) आणि १०० ग्रॅम साखर घालून पाहिली. उतरवली तेव्हा अगदी हवी तशी होती, पळीवरून सावकाश ओघळणारी. दोन तासांनी मात्र पळी उभी राहील इतकी घट्ट! वरून गरम दूध घातलं तर पातळ झाली, पण गोडी गेली. साखर तांदूळ पूर्ण शिजल्यावरच घातली होती, त्यामुळे शीत मऊ होतं, तिथे तक्रार नाही.

दुसऱ्यांदा ५० ग्रॅमने केली. दोन तासांनी छान, पण त्यासाठी दूध पाऊण लिटरपर्यंत आटवावं लागलं. मोठ्या पातेल्यात १० लिटर दूध तितकं आटायला फार वेळ जाईल, शिवाय तळाला लागायची भीती. आणि इतकं आटवलं तर ८० जणांना पुरणारही नाही.

म्हणून विचारते: दूध जेमतेम लिटरभर कमी होईल असं धरलं, तर लिटरला ६० ग्रॅम तांदूळ बरोबर होईल का? आणि साखर मूळ १० लिटरवर मोजायची, की आटून उरलेल्यावर?