करवलीसाठी वांगी पैठणी की फिकट चंदेरी? पलंगावर मांडलेल्या दोन जोड्या

मृण्मयी_पुणे: मावसबहिणीचं लग्न मे महिन्यात आहे, मुहूर्त दुपारी १२:२०, म्हात्रे पुलाजवळच्या लॉनवर. मी करवली. दोन्ही जोड्या पलंगावर मांडून फोटो टाकलेत. पहिली: वांगी रंगाची पैठणी, हिरवे काठ, सोनेरी ब्रोकेडचा शिवलेला ब्लाऊज. दुसरी: फिकट लिंबू रंगाची चंदेरी, बारीक राणी काठ, राणी रंगाच्या खणाचा ब्लाऊज. दिवसाच्या लग्नाला कुठली नेसू?

अनघा_कोथरूड: दुसरी, विचारच करू नकोस. दिवसा फिकट, रात्री गडद. वांगी साडीवर सोनेरी ब्लाऊज म्हणजे थेट रिसेप्शनचा थाट. शिवाय मे महिन्यात भर दुपारी लॉनवर पैठणी अंगावर घेऊन करा-दिवा धरून उभं राहायचं म्हणजे घामाने निथळशील. चंदेरी वजनाला काहीच नसते.

सुईदोरा: थांबा, आधी फोटोतली चादर बघा. ती पांढरी असणार, पण फोटोत पिवळट आलीय. म्हणजे खोलीतला पिवळा दिवा चालू होता आणि तोच पिवळेपणा साडीवरही चढलाय. मृण्मयी, तुझी 'लिंबू' चंदेरी कदाचित लिंबू नसेलच. सकाळी दहा-अकराला दिवे बंद करून दोन्ही साड्या खिडकीशी ने. थेट ऊन पडायला नको, नुसता उजेड हवा. शेजारी कोरा पांढरा कागद ठेव आणि मग फोटो काढ. साडी सपाट पसरू नकोस, निऱ्यांसारख्या चार-पाच घड्या हातात धर. अंगावर ती तशीच दिसणार आहे.

हे एवढ्यासाठी सांगतेय की मंगलाष्टकांच्या वेळी नवरी बहुतेक मामाकडची पिवळी साडी नेसलेली असते आणि करवली तिच्या पाठीशीच उभी. तुझी साडी खरंच पिवळ्या छटेची निघाली तर फोटोत दोघींच्या साड्या एकमेकींत मिसळतील. मोतिया निघाली तर प्रश्नच मिटला.

कॅमेरा_आणि_मी: लग्नाचे फोटो काढतो म्हणून उलट मत देतो: पहिली. बाराच्या सुमाराला ऊन डोक्यावर असतं. मांडवात चेहरे सावलीत असतात, कॅमेरा चेहऱ्यांसाठी लावला की कडेने ऊन पडलेली फिकट साडी पांढरीफटक होते. बारीक काठ, बुट्टे सगळं पुसलं जातं. दुसरं, मांडवाचं कापड. भगवं किंवा गुलाबी कापड वर असेल तर फिकट साडी तोच रंग घेते, वांगी रंगावर त्याचा फरक जाणवत नाही. 'दिवसा फिकट' हा नियम बघणाऱ्याच्या डोळ्यांसाठी ठीक आहे, फोटोसाठी नाही.

अनघा_कोथरूड: लग्न फोटोंसाठी असतं का? चार तास ती साडी अंगावर वागवायचीय तिला.

झुळूक: पहिली बाद. पहिल्या फोटोत डाव्या कोपऱ्यात पदर उलटा पडलाय, मोरांच्या मागे मोकळे धागे लोंबताना दिसतायत. खऱ्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच असतो. म्हणजे ही पॉलिस्टर, आणि पॉलिस्टरमध्ये मे महिन्यात जीव जाईल.

सुईदोरा: झुळूक, निरीक्षण एकदम बरोबर, निष्कर्ष अर्धाच. पाठीमागे मोकळे धागे म्हणजे नक्षी पारंपरिक पैठणी पद्धतीने विणलेली नाही, इतकंच कळतं. कापड रेशमी आहे की नाही ते त्यावरून ठरत नाही. अशा विणीच्या अस्सल रेशमी साड्याही भरपूर मिळतात. ते बघायचं तर साडीच्या आतल्या टोकाच्या, खोचल्या जाणाऱ्या बाजूच्या दशीतून एक उभा धागा काढ आणि तिथूनच एक आडवाही उसव. दोन्ही वेगवेगळे चिमट्यात धरून जाळ. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. दोन्ही धागे तपासायचे, कारण पुष्कळदा एक रेशमी आणि दुसरा पॉलिस्टर असतो. जरीचा धागा घेऊ नकोस, त्यावरून काहीच कळणार नाही. आणि हो, त्या मोकळ्या धाग्यांत बांगड्या अडकतात, पदर खांद्यावर घड्या घालून पिनेत पक्का बसव.

स्मिताकाकू: रिसेप्शनला पहिलीच शोभेल गं. माझ्याकडे अशीच एक नारायणपेठ आहे, पण ब्लाऊज दंडात घट्ट होतोय. काही करता येतं का?

सुईदोरा: काकू, ती दिवसाच्या मुहूर्ताबद्दल विचारतेय. तुमचा ब्लाऊज उलटा करून काखेच्या शिवणीत माया किती आहे ते बघा. दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच असेल तर दंड एक इंचाने सैल होतो. अस्तर असेल तर तेही उसवून घ्यायला सांगा, नाहीतर बाहेरून सैल आणि आतून घट्टच राहतो.

मृण्मयी_पुणे: खिडकीशी नेऊन बघितली, चंदेरी मोतिया निघाली! बहीण पिवळीच नेसणार आहे. पैठणीचे दोन्ही धागे केसांसारखे जळले. पण खिडकीत तो सोनेरी ब्लाऊज फारच चमकतोय, साडी बाजूलाच राहते.

अनघा_कोथरूड: झालं तर मग. चंदेरी!

सुईदोरा: चंदेरी नेसणार असशील तर तीन गोष्टी बघून घे. ती झिरझिरीत असते, परकराचा रंग आरपार दिसतो. मोतियाच परकर हवा, मांजरपाटाचा पांढराशुभ्र चालणार नाही. दुसरं, खणाचा राणी रंग. काखेतल्या घामाने तो सुटला तर मोतिया पदरावर गुलाबी डाग पडेल आणि तो घरी निघत नाही. आजच ब्लाऊज उलटा कर, पांढरा रुमाल ओला करून पिळ आणि काखेच्या शिवणीवर पाचेक मिनिटं दाबून धर. रुमालाला रंग लागला तर तो ब्लाऊज या साडीवर नको. घाम टिपायला पॅड लावले तरी कडेने ओल येतेच. आणि कुंकवाच्या अक्षता: ओलसर कापडावर पडल्या की ठिपके उमटतात. पडल्या तर फक्त झटकायच्या, ओल्या हाताने पुसायला गेलीस तर पसरतील.

माझं मत विचारशील तर वांगी साडी दिवसालाही चालते, खटकतोय तो ब्लाऊज. काठाच्या हिरव्या रंगाचा, चमक नसलेला, कोपरापर्यंत बाह्यांचा आणि सुती अस्तराचा ब्लाऊज घाल. तीच साडी सकाळची वाटेल.

कॅमेरा_आणि_मी: हिरव्या ब्लाऊजला अनुमोदन. नवरीच्या पिवळ्याशेजारी वांगी आणि हिरवं उठून दिसेल.

अनघा_कोथरूड: मी चंदेरीवरच ठाम. रुमालाची परीक्षा पास झाली तर उगाच नवीन ब्लाऊज कशाला?

मृण्मयी_पुणे: रुमालाला अगदी फिकट गुलाबी रंग लागलाय. आणि पैठणीचं ब्लाऊजपीस अजून साडीलाच आहे, हिरवंच, पण त्याला पूर्ण जरीचा काठ आहे.

सुईदोरा: काठ फक्त बाह्यांना घ्यायला सांग, पाठ आणि पुढा साधा ठेव. कापायच्या आधी साडी नेसून बघ, आतल्या टोकाचं तेवढं कापड गेल्यावर निऱ्या पुरतात का. पुरत असतील तर या आठवड्यातच टाक, मे महिन्यात शिंपी ऐनवेळी ब्लाऊज घेत नाहीत.

अनघा_कोथरूड: आणि पुरल्या नाहीत तर चंदेरीवर मोतिया ब्लाऊज. तुळशीबागेत मॅचिंगच्या दुकानात तयार मिळून जाईल.