मदत हवी आहे: दहा मिनिटांच्या भाषणात अपवाद सांगावा की प्रश्नांसाठी राखावा?
नमस्कार मंडळी. मी ऐरोलीची, ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंवर पीएचडी करतेय. परिषदेत दहा मिनिटं बोलायचंय, शिवाय दोन मिनिटं प्रश्नांना. पेपर सहा हजार शब्दांचा आहे. मिनिटाला सव्वाशे शब्द धरले तर जेमतेम साडेबाराशे बसतात, म्हणजे वाचून दाखवणं बादच.

म्हणून सगळं एका वाक्यावर उभं केलंय: ‘पक्षी कुठे चरतील हे महिन्यापेक्षा ओहोटीत उघडा पडणारा चिखल ठरवतो.’ ‘फ्लेमिंगोंचा अधिवास’ हा नुसता विषय झाला, त्याला कुणी ‘नाही’ म्हणू शकत नाही. या वाक्याला म्हणू शकतं. ते पहिल्याच मिनिटात सांगते, मोजणीची पद्धत दीड मिनिटात उरकते आणि मग दोनच आलेख: पक्षीसंख्या पाण्याच्या पातळीसमोर, आणि तीच महिन्यांसमोर. निम्मा वेळ यांनाच. पूर्वीच्या संशोधनाचा आढावा आणि प्रजातीवार तक्ता कापला (तक्ता आमच्या सरांचा लाडका, तेव्हा नाराजी आहेच).

अडलंय ते एका जागेवर. नाल्याच्या तोंडाशी पक्षी भरती-ओहोटीला जुमानत नाहीत. पेपरात यावर अख्खा परिच्छेद आहे. भाषणात सांगितलं तर लोक अपवादच लक्षात ठेवतील. गाळलं तर पहिला प्रश्न तोच येईल आणि दोन मिनिटं त्यातच जातील. दाव्यातच ‘नाल्यांपासून दूर’ घालावं असं वाटतंय, पण ऐकताना वाक्य जड होतं. तुम्ही अशा वेळी काय केलंत?