शब्दचर्चा: रशियनमध्ये ८४ 'रुब्ल्या', मग ११२ 'रुब्ल्येय' का?

अनघा_क
किमती वाचायच्या स्वाध्यायात अडकले आहे. यादीत पाव ५१, दूध ८४ आणि सफरचंदं ११२ आहेत. छापताना प्रत्येक आकड्यापुढे नुसतं 'रुब.' असतं, पूर्ण शब्द आपण लिहायचा. मी 'पिद्दिस्यात अदीन रूब्ल', 'वोसिम्दिस्यात चितीरे रुब्ल्या' आणि 'स्तो द्विनात्सत रुब्ल्या' असं लिहिलं. पहिली दोन बरोबर, तिसऱ्यावर लाल फुली. ११२ च्या शेवटी २ च आहे ना? आणि चौऱ्याऐंशी रूबल असताना नाम षष्ठी एकवचनात का जातं, हेही कळत नाही.

दत्तू
सोपं आहे. शेवटचा आकडा बघायचा. १ असेल तर एकवचन, २-३-४ असतील तर लहान अनेकवचन, ५ ते ९ किंवा ० असेल तर मोठं अनेकवचन. ११ ते १४ अपवाद आहेत, ते पाठ करायचे. विषय संपला.

मृण्मयी जोग
दत्तू, उत्तरं तुमच्या रीतीने बरोबर येतील, पण दोन ठिकाणी गाडी रुळावरून घसरते.

'लहान अनेकवचन' असं काही नाही. रूब्लचं साधं अनेकवचन 'रुब्ली' आहे. द्वा, त्री, चितीरे यांच्यानंतर 'रुब्ली' येत नाही, 'रुब्ल्या' येतं, आणि 'रुब्ल्या' म्हणजे शब्दशः 'रूबलचा'. गोंधळ होतो तो स्त्रीलिंगी शब्दांमुळे. कपेयका म्हणजे कोपेक घ्या: 'द्वे कपेयकी'. इथे षष्ठी एकवचन आणि प्रथमा अनेकवचन दोन्ही 'कपेयकी'च, त्यामुळे शिकणाऱ्याला वाटतं की हे अनेकवचन आहे. तोच समज तो रूब्लवर लावतो आणि 'द्वा रुब्ली' लिहितो. शंका आली तर बहीण आठवा. 'बहिणी' म्हणजे 'स्योस्त्री', आघात पहिल्या अक्षरावर. पण 'दोन बहिणी' म्हणजे 'द्वे सिस्त्री', आघात शेवटी. तिथे षष्ठी उघडी पडते.

दुसरं म्हणजे ११ ते १४ अपवाद नाहीत. आकडा बघू नका, संख्या तोंडाने म्हणा आणि शेवटचा शब्द ऐका. ८४ मध्ये शेवटचा शब्द 'चितीरे' आहे, म्हणून रुब्ल्या. ११२ मध्ये शेवटचा शब्द 'द्वा' नाहीच, 'द्विनात्सत' आहे. तो मुळात 'द्वे-ना-देस्यात', म्हणजे 'दहावर दोन'. झिजून 'द्वे-ना-त्सत' झाला. शब्द दहावर संपतो, म्हणून दहाचा नियम आणि रुब्ल्येय. अदीन्नत्सत ते देवित्नात्सत हे सगळे 'दहावर अमुक' असेच आहेत.

मराठी माणसाचा कान इथे फसतो, कारण आपण 'चौऱ्याऐंशी' म्हणताना चार आधी म्हणतो आणि ऐंशी नंतर, तेही एकाच शब्दात. रशियनमध्ये चार सुटा आणि शेवटी येतो, आणि नामाचं रूप तोच ठरवतो. म्हणून २१ ला 'द्वात्सत अदीन रूब्ल', थेट एकवचन. आपण 'एकवीस रुपये' म्हणतो, त्यामुळे हात आपोआप 'रुब्ल्येय' लिहितो. नव्याने शिकणाऱ्यांची मला तरी हीच चूक सर्वात जास्त दिसते.

सुलभा
रूबल आणि रुपया एकाच मुळाचे ना? मग रुपयासारखंच का चालत नाही?

मृण्मयी जोग
नाही सुलभाताई, दिसायला जवळचे असले तरी नातं नाही. रुपया हा 'रूप्य'वरून, म्हणजे रुप्यावरून. रूब्ल हा सहसा 'रुबीत' म्हणजे तोडणे या क्रियापदाशी जोडतात, चांदीच्या कांबीचा तोडलेला तुकडा.

संस्कृतवाला
षष्ठी का, याचं उत्तर आपल्याकडेच आहे. संस्कृतात 'शतं गवाम्' चालतं, गायींचं शतक. तिथे शत हे नाम आहे आणि गाय षष्ठीत. रशियनमध्ये हेच पाचपासून सुरू होतं. प्यात हे जुन्या भाषेत स्त्रीलिंगी नाम होतं, म्हणून 'प्यात रुब्ल्येय' म्हणजे 'रूबलांचं पंचक'. षष्ठी अनेकवचन अगदी सरळ आहे. २ ते ४ चं मात्र मला सांगता येत नाही.

मृण्मयी जोग
ते द्विवचनाचं उरलेलं सामान आहे. जुन्या रशियनमध्ये संस्कृतासारखंच द्विवचन होतं आणि संख्यांमध्ये ते फक्त द्वाबरोबर यायचं. तीन-चारबरोबर साधं अनेकवचन. पुढे द्विवचन भाषेतून गेलं. पुल्लिंगी शब्दांचं द्विवचन आणि षष्ठी एकवचन, दोन्हीच्या शेवटी 'आ' होता, म्हणून लोक त्याला षष्ठी एकवचन समजू लागले आणि तेच रूप तीन-चारपर्यंत पसरलं.

खूण अजून ऐकू येते. तास म्हणजे 'चास'. 'एक तासही झाला नाही' यातल्या षष्ठीत आघात पहिल्या अक्षरावर पडतो. पण 'दोन वाजले' म्हणताना 'द्वा चिसा', आघात शेवटी. लिहिताना दोन्ही रूपं अगदी सारखी, उच्चारात मात्र जुनं द्विवचन टिकून राहिलंय.

मंदार_डेव्ह
माझी अडचण वेगळी आहे. ॲपमध्ये '%d रूबल' असा मजकूर आहे. भाषांतर करणाऱ्याने तीन रूपं दिली, आणि मी हे सूत्र लावलं आहे. बरोबर आहे का?

```
nplurals=3; plural=(n%10==1 && n%100!=11 ? 0 :
n%10>=2 && n%10<=4 && (n%100<12 || n%100>14) ? 1 : 2);
```

मृण्मयी जोग
पूर्णांकांसाठी बरोबर. 0 म्हणजे रूब्ल, 1 म्हणजे रुब्ल्या, 2 म्हणजे रुब्ल्येय. तपासायला १, २, ५, ०, ११, १२, २१, २२, १११, ११२, १२१ एवढे आकडे घालून बघा. १११ ला 2 यायला हवं आणि १२१ ला 0. शून्यालाही 2, कारण 'नोल रुब्ल्येय'.

दशांश मात्र या सूत्रात घालू नका. ५.५ हे 'पाच पूर्णांक पाच दशांश रूबलचे' असं वाचतात, आणि तिथे नाम अपूर्णांकाला बांधलेलं असतं, म्हणून नेहमी रुब्ल्या. तीच रक्कम बोलीत 'प्यात स पलाविनय' म्हटली, म्हणजे 'पाच आणि अर्धा', की रूप पाचाचं: रुब्ल्येय. एकच रक्कम, दोन रूपं. पडद्यावर दशांश दाखवायचा असेल तर रुब्ल्या ठेवा.

दत्तू
आणि दीड? त्याला तर आपल्यासारखा स्वतंत्र शब्द आहे.

मृण्मयी जोग
आहे, आणि मराठी माणसाला तो सोपा जातो. 'पलतरा रुब्ल्या' म्हणजे दीड रूबल. स्त्रीलिंगी नाम असलं की 'पलतरी', म्हणून 'पलतरी तीसिची' म्हणजे दीड हजार. दीडशेला 'पलतरास्ता' असाही शब्द आहे, जरा जुन्या वळणाचा. अडीचला मात्र सुटा शब्द नाही, 'द्वा स पलाविनय' म्हणावं लागतं. दुकानात कुणी नुसतं 'पलतरी' म्हणालं तर स्त्रीलिंगावरूनच समजायचं की हजार गाळलाय: दीड हजार.

अनघा, आता तुझ्या यादीची बेरीज: ५१, ८४ आणि ११२ मिळून २४७. शेवटचा शब्द 'स्येम', म्हणून रुब्ल्येय. पाचशेची नोट दिली तर परत २५३: 'द्व्येस्ती पिद्दिस्यात त्री रुब्ल्या'. बघ, तीन किमती, एक बेरीज, एक सुट्टे, आणि तिन्ही रूपं आली.

एक सापळा मात्र पुढच्या स्वाध्यायात नक्की असेल. 'स्तोइत' म्हणजे 'किंमत आहे' या क्रियापदानंतर किंमत द्वितीयेत जाते. रूब्लमध्ये ते कळत नाही, कारण प्रथमा-द्वितीया सारखी. पण हजार स्त्रीलिंगी आहे. 'किंमत हजार रूबल' हे 'स्तोइत तीसिचू रुब्ल्येय' होतं, तीसिचा नाही. रुब्ल्येयला कुणी हात लावत नाही, कारण ते हजाराचं षष्ठ्यंत आहे. तसंच 'किंमत एकवीस कोपेक' म्हणजे 'द्वात्सत अदनू कपेयकू'.

अनघा_क
आता कळलं. मी शेवटचा अंक बघत होते, शब्द म्हणून बघत नव्हते. मग 'मला पाच रूबलांबरोबर...' असं काही म्हणायचं असेल तेव्हाही षष्ठी राहते का?

मृण्मयी जोग
नाही. हा सगळा खेळ फक्त प्रथमेत आणि द्वितीयेत. बाकी विभक्तीत संख्या आणि नाम दोघे एकाच विभक्तीत जातात, आणि नाम अनेकवचनात: 'पाच रूबलांनी' म्हणजे 'पित्यू रुब्ल्यामी'. मात्र शेवटचा शब्द 'अदीन' असेल तर तिथेही एकवचनच. किमतीच्या स्वाध्यायात ही रूपं क्वचितच येतात, आत्ता सोडून दे.

संस्कृतवाला
क्रम उलटा केला तर अर्थ बदलतो असं ऐकलंय, खरं का?

मृण्मयी जोग
हो. 'स्तो रुब्ल्येय' म्हणजे नेमके शंभर, 'रुब्ल्येय स्तो' म्हणजे शंभरेक. आपल्या 'एक' प्रत्ययाचं काम तिथे जागा बदलून होतं. म्हणून स्वाध्यायात नाम आधी लिहू नकोस, किंमत अंदाजे होईल.

सुलभा
रूबल सोडा, तोलाचं काय? दोनशे ग्रॅम चीज म्हणताना 'ग्राम' की 'ग्रामव'?

मृण्मयी जोग
लेखी परीक्षेत 'ग्रामव' लिहा, त्यावर कुणी फुली मारणार नाही. बोलण्यात लोक सर्रास 'द्व्येस्ती ग्राम' म्हणतात, आणि अनेक कोश बोलीसाठी ते मान्यही करतात.

दत्तू
म्हणजे तोंडी परीक्षेत 'ग्राम' चालेल?

मृण्मयी जोग
परीक्षक कोण त्यावर. माझ्या मते चालायला हवं.

संस्कृतवाला
माझं मत उलट. शिकणाऱ्याने आधी 'ग्रामव' पक्कं करावं. नाहीतर तो 'प्यात रूब्ल'सुद्धा बोलीचं म्हणून खपवेल, आणि ते बोलीत नाहीच.