परीक्षक आधी मानधन विचारतात म्हणे!

सांस्कृतिक समन्वयक, जळगाव: वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक हवे म्हणून दहा जणांना फोन केले. आठ जणांनी विषय ऐकायच्या आधी मानधन विचारलं. पूर्वीची माणसं एसटीने यायची, भरीत-पुरी खायची नि आनंदाने जायची. आता सगळा बाजार झालाय.

आबा, धुळे: सर, त्या आठांत मी नव्हतो, पण असतो तर मीही विचारलं असतं. गेल्या हिवाळ्यात एका तालुक्याच्या कॉलेजचं पत्र आलं, "सकाळी १० वाजता उपस्थित राहावे, ही विनंती." बस, एवढंच. फेऱ्या किती, मुलं किती, कशाचाच पत्ता नाही. दीपप्रज्वलन, सत्कार नि संस्थाचालकांचं भाषण उरकून पहिलं पोरगं उभं राहिलं पावणेबाराला. यादीत ४२ नावं! सहा मिनिटं भाषण, एक मिनिट ये-जा आणि गुण मांडायला. म्हणजे २९४ मिनिटं, जेवण सोडून. हा हिशोब आदल्या दिवशी कुणी केलाच नव्हता. चार वाजले तेव्हा अठ्ठावीस झाले होते. मग उरलेल्या चौदा पोरांना चारच मिनिटं दिली. त्यांना मी कुठल्या मापाने मोजायचं?

निघताना पावतीवर सही घेतली १५०० ची, पाकिटात निघाले १०००. विचारलं तर म्हणे, "सर, बाकीचे गाडीच्या डिझेलमध्ये गेले." मी एसटीने गेलो होतो.

कॉमर्सवाली, भुसावळ: रेव्हेन्यू स्टॅम्प होता का पावतीवर? नसेल तर ती पावतीच बाद.

आबा, धुळे: ताई, स्टॅम्प ५००० च्या वरच्या पावतीला लागतो. इथे रोग वेगळाच आहे.

तापीकाठचा, शहादा: मानधनाचं तुम्ही बघा. माझा पहिला नंबर गुणांच्या बेरजेने खाल्ला, त्याचं काय? दोन परीक्षकांनी मला ७८ नि ७७ दिले, दुसऱ्या पोराला ७५ नि ७४. तिसऱ्या साहेबांनी मला ६२ आणि त्याला ८८. बेरीज माझी २१७, त्याची २३७. तिघांपैकी दोघांच्या मते मी पुढे, ट्रॉफी मात्र त्याच्या घरी! बेरीज बंद करा, क्रमांक धरा. तिसऱ्याकडे मी दुसरा होतो, म्हणजे माझे १+१+२ चार, त्याचे २+२+१ पाच. ज्याची बेरीज कमी तो पहिला.

निवृत्त मास्तर, अमळनेर: तुझं गणित बरोबर, औषध अर्धंच. त्याच साहेबांनी तुला दुसऱ्याऐवजी विसावा ठेवला असता तर क्रमांकानेही तू गेलाच असतास. दोघे ७० ते ८० मध्ये खेळतात नि तिसरा ४० ते ९० मध्ये, तेव्हा निकाल एकटा तिसराच लावतो. हे स्पर्धेआधीच मिटवायचं असतं. मी अर्धा तास आधी तिघांना एका खोलीत बसवायचो. ६० म्हणजे कसं भाषण, ८० म्हणजे कसं, हे ठरवायचं. पहिल्या दोन स्पर्धकांचे गुण पेन्सिलने टाकायचे, मग एकदा ताळा घ्यायचा नि पेनने पक्के करायचे.

आणि "भाषा २० गुण" म्हणजे काय, तेही तिथेच बोलायचं. एकदा बाहेरच्या परीक्षकांनी एका पोराचे आठ गुण कापले. का? तर तो "पानी" नि "आनि" म्हणाला. मांडणी सगळ्यांत भारी होती त्याची. मी म्हटलं, साहेब, पोरगं घरी अहिराणी बोलतं, ण कुठून आणणार?

कॉमर्सवाली, भुसावळ: वक्तृत्व स्पर्धेत उच्चार बघायचे नाहीत तर काय बघायचं? मीही लेवा बोलीतली, तरी ण शिकले. आणि ताळा म्हणजे संगनमतच की!

निवृत्त मास्तर, अमळनेर: उच्चार बघा ना, पण त्याला किती गुण ते आधी कागदावर लिहा. दोन भाषणांनंतर बोलायचं, शेवटी नाही. नावं ठरवणं वेगळं, माप ठरवणं वेगळं.

कॉमर्सवाली, भुसावळ: तुमच्या जिभेवर ठेवू विश्वास? बरं, ठेवते. ण वर मात्र हटणार नाही.

एक काका, नंदुरबार: भाचीचं नाव द्यायचंय. प्रवेश फी किती?

सांस्कृतिक समन्वयक, जळगाव: काका, मेसेज करा. बाकी विद्वानांनो, जिंकलात! पत्र बदललं. प्राथमिक फेरी १०:३० ला, दोन खोल्या, वीस-वीस स्पर्धक, म्हणजे १४० मिनिटं. एकच्या आत संपते. दोनला अंतिम फेरी. परीक्षकांची बैठक १० ला. मानधन १५००, प्रवासखर्च वेगळा, दोन्ही त्याच दिवशी खात्यावर. उद्घाटन पंधरा मिनिटांत, असं लिहिलंय. संस्थाचालकांना सांगायला मात्र तुमच्यापैकी कुणीतरी या.

निवृत्त मास्तर, अमळनेर: दोन खोल्यांत परीक्षक वेगळे असतील तर सगळ्यांची एकच गुणवत्ता यादी लावू नका. एका खोलीतले ७० नि दुसरीतले ७० सारखे नसतात. प्रत्येकीतून पाच-पाच घ्या.

तापीकाठचा, शहादा: आणि एका खोलीतला सहावा दुसरीतल्या पहिल्यापेक्षा भारी निघाला तर?

निवृत्त मास्तर, अमळनेर: तर तो पुढच्या वर्षी असाच धागा काढेल.

आबा, धुळे: सर, मी येतो. पण एसटीनेच. डिझेलचं बघा.